एकत्रित हिशेबात दुसऱ्या वर्षी सुरुवातीची राखीव शिल्लक का जुळत नाही: आपापसातली विक्री आणि शिल्लक मालातला नफा

लक्षण असं असतं. होल्डिंग कंपनी आणि उपकंपनी, दोघींचे ट्रायल बॅलन्स एक्सेलमध्ये शेजारी शेजारी मांडले, बेरीज झाली, वजावटीच्या नोंदी झाल्या, ताळेबंदही जुळला. पण राखीव निधीच्या तक्त्यात वरच्या ओळीत आलेली १ एप्रिलची शिल्लक गेल्या वर्षी सही झालेल्या ३१ मार्चच्या शिलकेशी जुळत नाही. फरक लहान असतो आणि दरवर्षी रक्कम वेगळी येते. मग "सर, ताळेबंद तर जुळतोय, मग चूक कुठाय?" असा प्रश्न येतो आणि शेवटी कुणीतरी 'इतर समायोजन' अशी ओळ घालून विषय मिटवतं.

तो असा मिटत नाही. बहुतेक वेळा हा फरक म्हणजे गेल्या वर्षीच्या शिल्लक मालात अडकलेला आपापसातला नफा असतो.

कोल्हापुरात हे जास्त दिसतं, कारण इथे धंद्याची मांडणीच तशी आहे. शिरोलीला फाउंड्री, गोकुळ शिरगावला मशीन शॉप. फाउंड्री कास्टिंग ओतते, मशीन शॉप त्यावर काम करून बाहेरच्या ग्राहकाला विकतं. घर एकच, पण कंपन्या दोन. एकीने दुसरीचे निम्म्याहून जास्त शेअर घेतले की कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२९(३) प्रमाणे एकत्रित हिशेब मांडायची जबाबदारी येते. एएस २१ सांगतं की गटातल्या गटात झालेले व्यवहार, येणी-देणी आणि त्यातून राहिलेला न मिळालेला नफा पूर्ण काढायचा. पूर्ण म्हणजे शंभर टक्के, मग उपकंपनी ऐंशी टक्केच आपली असली तरी.

उदाहरणाला सोपे आकडे घेऊ. मशीन शॉप ही होल्डिंग कंपनी, तिच्याकडे फाउंड्रीचे ८० टक्के शेअर, उरलेले २० टक्के बाहेरच्यांचे, म्हणजे मायनॉरिटी. फाउंड्रीला कास्टिंग किलोला ८० रुपयांना पडतं आणि ती ते मशीन शॉपला १०० रुपयांना देते. २०२३-२४ हे एकत्रित हिशेबाचं पहिलं वर्ष. गुंतवणूक आणि भांडवलाची वजावट बरोबर झाली आहे असं धरू, कारण आपला प्रश्न तिथे नाही.

पहिलं वर्ष, जिथे सगळं बरोबर होतं

२०२३-२४ मध्ये फाउंड्रीने मशीन शॉपला ४ कोटींचं कास्टिंग विकलं. त्यातलं ५० लाखांचं ३१ मार्चला मशीन शॉपकडे शिल्लक होतं. बाकीचं बाहेरच्या ग्राहकाकडे गेलं, त्यावरचा नफा खरा झाला. शिल्लक ५० लाखांत २० टक्के म्हणजे १० लाख हा फाउंड्रीचा नफा आहे, आणि गट म्हणून बघितलं तर तो अजून कुणाकडूनच मिळालेला नाही. माल एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, एवढंच.

दोन नोंदी:

विक्री खाते नावे ४,००,००,०००
कच्च्या मालाचा खप जमा ४,००,००,०००

कच्च्या मालाचा खप नावे १०,००,०००
शिल्लक माल जमा १०,००,०००

पहिल्या नोंदीने नफ्यात एक पैशाचाही फरक पडत नाही, फक्त फुगलेली उलाढाल खाली येते. दुसऱ्या नोंदीने नफा १० लाखांनी कमी होतो. माल फाउंड्रीने विकला असल्याने, म्हणजे उपकंपनीकडून वर आल्याने, ही घट रूढ पद्धतीने ८० आणि २० अशी वाटली जाते: ८ लाख गटाच्या वाट्याला, २ लाख मायनॉरिटीच्या. माल उलट दिशेने, होल्डिंगकडून उपकंपनीकडे गेला असता तर पूर्ण १० लाख गटानेच सोसायचे, मायनॉरिटीला हात लागत नाही.

सही झालेल्या ताळेबंदात ३१ मार्च २०२४ ला गटाची राखीव शिल्लक १२.४० कोटी आणि मायनॉरिटी १.५८ कोटी होती, असं समजा.

दुसरं वर्ष, जिथे गाडी अडते

या दोन नोंदी कुठे झाल्या होत्या? एक्सेलच्या कामाच्या शीटमध्ये. फाउंड्रीच्या टॅलीत नाहीत, मशीन शॉपच्या टॅलीतही नाहीत, आणि तिथे त्या असूही नयेत. टॅलीत ग्रुप कंपनी बनवली तरी ती दोन्ही कंपन्यांची बेरीज दाखवते, त्यापुढे काही नाही. म्हणून २०२४-२५ ची शीट उघडून दोन्ही ट्रायल बॅलन्स आणले की गेल्या वर्षीचे १० लाख कुठेच दिसत नाहीत. फाउंड्रीच्या राखीव निधीत ते नफा म्हणून बसलेले असतात आणि मशीन शॉपच्या सुरुवातीच्या मालात किंमत म्हणून.

त्यामुळे सुरुवातीची राखीव शिल्लक १२.४० ऐवजी १२.४८ कोटी दिसते आणि मायनॉरिटी १.५८ ऐवजी १.६० कोटी. ८ लाख आणि २ लाख. हा फरक पाहिला की कामाच्या शीटमध्ये दुसरं काही शोधत बसू नका. गेल्या वर्षीची वजावटीची शीट काढा, शिल्लक मालातल्या नफ्याची रक्कम बघा, आणि ती शेअरच्या टक्केवारीत वाटून या दोन फरकांशी ताडून पाहा. तंतोतंत बसली तर निदान पक्कं.

आता २०२४-२५ चे आकडे. आपापसातली विक्री ५ कोटी, मशीन शॉपकडे शिल्लक कास्टिंग ६० लाखांचं, मार्जिन तेच, म्हणून अडकलेला नफा १२ लाख. मशीन शॉपचा स्वतःचा नफा १.६० कोटी, फाउंड्रीचा १ कोटी, बेरीज २.६० कोटी. या वर्षी तीन नोंदी लागतात, दोन नाही:

सुरुवातीची राखीव शिल्लक नावे ८,००,०००
मायनॉरिटी (सुरुवातीची) नावे २,००,०००
कच्च्या मालाचा खप जमा १०,००,०००

विक्री खाते नावे ५,००,००,०००
कच्च्या मालाचा खप जमा ५,००,००,०००

कच्च्या मालाचा खप नावे १२,००,०००
शिल्लक माल जमा १२,००,०००

पहिली नोंद हीच विसरली जाते. तिचा अर्थ असा की गेल्या वर्षी अडकलेलं कास्टिंग या वर्षी बाहेर विकलं गेलं, म्हणजे ते १० लाख या वर्षी खरे झाले. ते गेल्या वर्षीच्या राखीव निधीतून काढून या वर्षीच्या नफ्यात आणायचे.

एकत्रित नफा २.६० कोटी अधिक १० लाख वजा १२ लाख, म्हणजे २.५८ कोटी. मायनॉरिटीचा वाटा फाउंड्रीच्या सुधारलेल्या नफ्यावर काढायचा: १०० अधिक १० वजा १२ म्हणजे ९८ लाख, त्याचे २० टक्के १९.६० लाख. गटाचा वाटा २ कोटी ३८ लाख ४० हजार. अखेरची राखीव शिल्लक १२.४० अधिक २.३८४, म्हणजे १४.७८४ कोटी.

चुका तीन, आणि तिन्हींत ताळेबंद जुळतोच

हा भाग नीट बघण्यासारखा आहे, कारण ताळेबंद जुळला म्हणजे काम बरोबर झालं, हा समज इथे उपयोगाचा नाही.

पहिली चूक म्हणजे सुरुवातीची नोंदच न करणं. मग नफा २.४८ कोटी येतो, मायनॉरिटीचा वाटा ८८ लाखांचे २० टक्के, १७.६० लाख, आणि गटाचा २.३०४ कोटी. सुरुवात १२.४८ कोटींची. दोन्हींची बेरीज करा: १४.७८४ कोटी. अखेरची शिल्लक अगदी बरोबर! माल बरोबर, राखीव निधी बरोबर, मायनॉरिटीही बरोबर १.७७६ कोटी. चूक फक्त दोन ठिकाणी आहे: सुरुवातीची शिल्लक फुगलेली आणि या वर्षीचा नफा तेवढाच खाली. मग तक्त्यात सुरुवात हाताने १२.४० केली की अखेरपर्यंत पोचायला ८ लाख कमी पडतात, आणि तिथेच ती 'इतर समायोजन' ओळ जन्माला येते. ती ओळ म्हणजे या वर्षीचा खरा नफा असतो, नफा-तोटा पत्रकाला वळसा घालून थेट राखीव निधीत गेलेला. ऑडिटरने त्यावर बोट ठेवलं तर चिडायचं कारण नाही.

दुसरी चूक हुशार माणसाची असते. तो म्हणतो, "गेल्या वर्षी १० लाख काढले होते, या वर्षी १२ लागतात, मग फरक २ लाखांचीच नोंद करू." खप नावे २ लाख, शिल्लक माल जमा २ लाख. नफा बरोबर २.५८ कोटी येतो, म्हणून त्याला खात्री वाटते. पण शिल्लक मालातून १२ ऐवजी २ लाखच गेले. माल १० लाखांनी फुगलेला राहिला आणि राखीव निधी व मायनॉरिटी मिळूनही १० लाखांनीच फुगलेले, म्हणून ताळेबंद पुन्हा जुळतो. ही चूक पहिलीपेक्षा वाईट आहे, कारण ताळेबंदाचे आकडेच खोटे होतात. फरकाची नोंद ज्या प्रोव्हिजन खात्यांना चालते ती खाती कंपनीच्या वहीत पुढे ओढली जातात. ही वजावट कुणाच्याच वहीत नाही, म्हणून दरवर्षी शिल्लक मालातून पूर्ण रक्कमच काढावी लागते.

दोघांत फरक ओळखायला एक साधी पडताळणी पुरते. एकत्रित शिल्लक माल घ्या, दोन्ही कंपन्यांच्या शिल्लक मालाची बेरीज घ्या, वजाबाकी करा. उत्तर या वर्षीच्या अडकलेल्या नफ्याइतकं, आपल्या उदाहरणात १२ लाख, यायला हवं. १२ आलं पण सुरुवातीची शिल्लक जुळत नाही, तर पहिली चूक. २ आलं तर दुसरी.

तिसरी चूक म्हणजे वैतागून मशीन शॉपच्या टॅलीतच १२ लाखांची नोंद मारणं, 'म्हणजे पुढच्या वर्षी आपोआप येईल'. हे करू नका. मशीन शॉपच्या स्वतःच्या हिशेबात कास्टिंगची किंमत बिलाची १०० रुपयेच आहे. एएस २ प्रमाणे तीच तिची खरेदी किंमत. तिथला माल कमी केला तर तिचा स्वतंत्र नफा आणि पुढे इन्कम टॅक्सचा हिशेबही चुकीचा होतो.

ज्यांना तीन नोंदी जड वाटतात त्यांनी पहिली आणि तिसरी एकत्र करावी: राखीव शिल्लक नावे ८, मायनॉरिटी नावे २, खप नावे २, शिल्लक माल जमा १२. उत्तर तेच. मला मात्र तीन वेगळ्या नोंदीच बऱ्या वाटतात, कारण पुढच्या वर्षी शीट उघडणारा दुसराच कुणी असू शकतो.

१२ लाख हा आकडा तरी बरोबर आहे का?

नोंदी बरोबर आणि रक्कम चूक, असंही होतं. इथे घोटाळा दोन ठिकाणी होतो.

एक, टक्केवारी कशावर आहे ते. फाउंड्रीच्या कॉस्टिंग शीटवर 'नफा २५ टक्के' लिहिलेलं असतं, कारण ती ८० रुपयांवर २० रुपये मोजते. पण मशीन शॉपकडचा माल १०० रुपये दराने मांडलेला आहे, त्याला २० टक्के लागतात. ६० लाखांवर थेट २५ टक्के लावले की १२ ऐवजी १५ लाख निघतात. किमतीवरचा दर असेल तर २५ भागिले १२५ करा. आणि हा दर नफा-तोटा पत्रकातल्या निव्वळ नफ्याचा घेऊ नका. व्याज, विक्रीखर्च, ऑफिसखर्च हे मालाच्या किमतीत बसत नाहीत, म्हणून अडकलेला नफा म्हणजे विक्री किंमत वजा कारखान्यातली उत्पादन किंमत. फाउंड्रीला वर्षअखेरी निव्वळ ६ टक्केच उरले असले तरी मालातून २० टक्केच काढायचे.

दोन, कास्टिंग कुठे कुठे आहे ते. मशीन शॉपच्या स्टोअरची यादी मागितली की कच्च्या कास्टिंगचा साठा येतो, समजा ३४ लाखांचा. पण फाउंड्रीचं कास्टिंग लेथ आणि व्हीएमसीवर अर्धवट झालेल्या मालातही आहे, आणि पॅक करून ठेवलेल्या तयार पार्टमध्येही आहे. त्यांच्यात कास्टिंगचे १६ लाख आणि १० लाख असतील तर खरी रक्कम ६० लाख. फक्त स्टोअरची यादी धरली तर वजावट १२ ऐवजी ६.८० लाखांची होते आणि ऑडिटरच्या डोळ्यांतूनही ते सुटू शकतं. या मालात मशीन शॉपची स्वतःची मजुरी आणि टूलखर्चही जमा झालेला असतो, त्याला हात लावायचा नाही. फक्त कास्टिंगचा भाग घ्यायचा.

तो काढायचा कसा, तर किलोवर. तयार पार्ट वजन करून १०० ने गुणायचं असं काही जण करतात, तेही चुकतं. मशीनवर माल उडालेला असतो. कच्चं कास्टिंग १२ किलोचं आणि तयार पार्ट १०.५ किलोचा असेल, तर काट्यावर ८,७५० किलो भरलेल्या तयार मालामागे कास्टिंग १०,००० किलोचं लागलेलं आहे. म्हणून नग मोजा आणि ड्रॉइंगवरच्या कच्च्या वजनाने गुणा.

उडालेला माल, म्हणजे सीआय बोरिंग, बऱ्याच ठिकाणी परत फाउंड्रीलाच वितळवायला विकलं जातं. तीही आपापसातलीच विक्री आहे. नफा किरकोळ असेल, पण उलाढालीतून ती काढायला हवी. ५ कोटींच्या यादीत ती सहसा नसते, कारण ती भंगारविक्रीच्या वेगळ्या खात्यात असते.

विक्री आणि खरेदी एकमेकांशी न जुळल्यास

फाउंड्री म्हणते ५ कोटी विकलं, मशीन शॉप म्हणतं ४.९४ कोटीच घेतलं. आधी ३० आणि ३१ मार्चची चलनं बघा. शिरोलीहून हायवेने गोकुळ शिरगाव काही फार लांब नाही, पण ३१ ला संध्याकाळी निघालेला टेम्पो १ तारखेला गेटवर लागला तर बिल एका वर्षात आणि आवक दुसऱ्या वर्षात जाते. मशीन शॉपच्या बाजूला ६ लाखांचा वाटेतला माल आणि देणं आधी कामाच्या शीटवर दाखवा, मग ५ कोटी दोन्हीकडून काढा. हे ६ लाख वरच्या ६० लाखांत धरलेले हवेत, नाहीतर त्यातले १.२० लाख नफ्यात राहून जातात. दुसरी नेहमीची जागा म्हणजे ब्लोहोल निघाले म्हणून परत केलेलं कास्टिंग. मशीन शॉपने डेबिट नोट काढलेली असते, फाउंड्रीने ती 'तपासून बघू' म्हणून बाजूला ठेवलेली असते.

जीएसटीचं एकच लक्षात ठेवा: विक्री आणि माल जीएसटीशिवाय, पण येणी-देणी जीएसटीसकट. एकच यादी दोन्हींना वापरली की १८ टक्क्यांचा फरक हमखास येतो.

कर

एएस प्रमाणे हिशेब असेल तर इथे काही करायचं नाही. एएस २१ मध्ये एकत्रित करखर्च म्हणजे दोन्ही कंपन्यांच्या करखर्चाची बेरीज, म्हणून १० आणि १२ लाख तसेच राहतात. इंड एएस लागू असेल तर मात्र इंड एएस १२ प्रमाणे डिफर्ड टॅक्स येतो, आणि तो माल घेणाऱ्या कंपनीच्या दराने. मशीन शॉप कलम ११५बीएए खाली असेल तर २५.१६८ टक्के, १२ लाखांवर ३,०२,०१६ रुपये. तिथे सुरुवातीच्या शिलकेत दिसणारा फरकही १० लाख नसतो, गेल्या वर्षीचे २,५१,६८० वजा जाऊन ७,४८,३२० असतो, आणि वाटप त्याचं होतं. म्हणून इंड एएस असलेल्या कंपनीत १० लाखांचा माग काढत बसलात तर काही सापडायचं नाही.

गेल्या वर्षी चूक करून सही झाली असेल तर

पहिली चूक झाली असेल तर नशीब बरं. ३१ मार्च २०२५ चा ताळेबंद बरोबरच आहे. २०२५-२६ मध्ये सुरुवातीची नोंद १२ लाखांची नेहमीसारखी करा, शिल्लक जुळेल. चूक राहते ती मागच्या वर्षाच्या नफ्याच्या तुलनात्मक आकड्यात.

दुसरी चूक झाली असेल तर सही झालेल्या राखीव निधीत आणि मायनॉरिटीत मिळून २ लाखच वजा झालेले आहेत. २०२५-२६ मध्ये सुरुवातीला १२ लाख नावे टाकले तर सही झालेला आकडा जुळणार नाही. २ लाख सुरुवातीच्या शिलकेला आणि मायनॉरिटीला ८०-२० मध्ये, आणि उरलेले १० लाख एएस ५ प्रमाणे मागील कालावधीची बाब म्हणून नफा-तोटा पत्रकात वेगळे दाखवून नावे टाका. समोर कच्च्या मालाच्या खपाला पूर्ण १२ लाख जमा येतात. इंड एएसवाल्यांना ही सोय नाही. रक्कम महत्त्वाची असेल तर इंड एएस ८ प्रमाणे त्यांना मागच्या वर्षाचे आकडेच नव्याने मांडावे लागतात.